‘आपल्याला माहीत आहेच’ लिहिलं की वाचणारा का दुखावतो?

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. नामनिर्देशनाचे अर्ज भरून द्या अशी सूचना बोर्डावर लावली आणि ग्रुपवरही टाकली. दुसऱ्याच दिवशी बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “आम्हाला शिकवता का?” आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “मला नव्हतं माहीत, म्हणजे मी अडाणी का?” मी तर नम्रपणे लिहिलं होतं. टोमणा मारायचा मनात विचारही नव्हता. ‘माहीत आहेच’, ‘अर्थातच’, ‘साहजिकच’ हे शब्द काढून लिहायला बसलो तर मजकूर फारच कोरडा वाटतो. काय करू? सूचना खाली देतो.

*“सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्याला माहीत आहेच की नामनिर्देशन करणे आवश्यक असते. तरीही 62 पैकी 23 सभासदांनी अद्याप अर्ज दिलेले नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तर उघडच आहे. अर्थातच मृत्युपत्र वेगळे करावे लागते. अर्ज फक्त भरून तीन प्रतींत कार्यालयात द्यायचा आहे. साहजिकच, उशीर केल्यास पुढची अडचण आपलीच राहील.”*

उत्तर:

काका आणि आजी दोघंही एकाच वाक्याने दुखावले, हे आधी नीट लक्षात घ्या. एकाला ते माहीत होतं, दुसरीला नव्हतं. काकांना वाटलं, मला माहीत आहे हे तुम्हीच म्हणता, मग सांगता कशाला? आजींना वाटलं, सगळ्यांना माहीत आहे आणि मलाच नाही, हे आता बोर्डावर लागलं. तुमचा हेतू तिसराच होता. आपण शहाणपणा शिकवतोय असं दिसू नये म्हणून तुम्ही ‘माहीत आहेच’ लिहिलंत. सभ्य माणसंच हे शब्द जास्त वापरतात. म्हणूनच ते नुसते काढून टाकले की लिहिणाऱ्याला चुकल्यासारखं होतं, मजकूर कोरडा वाटतो. तेव्हा प्रत्येक शब्द तिथे कोणतं काम करायला आला होता ते बघायचं आणि ते काम दुसऱ्या रीतीने करायचं.

मी बरीच वर्षं पतसंस्था, बँका आणि सोसायट्यांची पत्रं, सूचना, माहितीपत्रकं तपासून देतो. हा धडा मला सुरुवातीलाच मिळाला. एका पतसंस्थेच्या ठेवीदारांसाठी मी पत्र लिहिलं होतं आणि त्यात ‘आपण जाणताच की’ असं घातलं होतं. एका निवृत्त शिक्षिकेने ते पत्र परत पाठवलं. त्या तीन शब्दांखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, “जाणत असते तर पत्र पाठवलं असतं का?” तेव्हापासून कोणताही मजकूर तपासताना मी त्या समासातला प्रश्न आधी विचारतो.

आता तुमच्या सूचनेकडे येऊ.

सगळ्यात जास्त लागतं ते पहिल्या वाक्यातला ‘च’ आणि दुसऱ्या वाक्यातलं ‘तरीही’ एकत्र आल्यामुळे. ‘आपल्याला माहीत आहे’ हे एक साधं विधान झालं. ‘माहीत असेल’ म्हटलं की त्यात नसण्यालाही जागा राहते. ‘माहीत असेलच’ म्हटलं की ती जागा अर्धी बंद होते आणि ‘माहीत आहेच’ म्हटलं की दारच लागतं. ज्याला माहीत नाही त्याला आत यायला वाट उरत नाही. त्याच्या पाठोपाठ ‘तरीही’ आलं की दोन्ही वाक्यं मिळून ‘माहीत असूनही केलं नाही’ असं होतं. आपल्याकडे आई मुलाला रागावते ते याच शब्दांत, “माहीत असूनही केलंस ना?” तुम्ही रागावला नव्हतात, पण वाक्यांचा सांगाडा रागावण्याचा झाला. बोलताना तुमचा चेहरा आणि आवाज दिसतो, म्हणून निभावून जातं. बोर्डावरच्या कागदाला आवाज वाचणारा देतो. ज्याचा अर्ज राहिला आहे तो आधीच थोडा ओशाळलेला असतो, त्यामुळे तो देतो तो आवाज कडकच असतो.

म्हणून ‘च’ सरसकट वाईट, असं मात्र समजू नका. या ‘च’ची मराठीत दोन कामं आहेत. एक म्हणजे निवडून वेगळं काढणं. ‘सदनिका मुलीलाच द्यायची आहे’ याचा अर्थ मुलीला, दुसऱ्या कोणाला नाही. हा ‘च’ वस्तुस्थितीबद्दल बोलतो आणि त्याच्याशिवाय अर्थ बदलतो. दुसरं काम म्हणजे जोर देणं, दाबून सांगणं. माहीत आहेच, उघडच आहे, सांगितलंच होतं, दिसतंच आहे. हा ‘च’ वाचणाऱ्याबद्दल बोलतो. पारख सोपी आहे. ‘च’ काढून त्या जागी ‘दुसरं कोणी नाही’ किंवा ‘दुसरं काही नाही’ असं मनात म्हणून बघा. अर्थ जुळला तर ‘च’ ठेवा. नाही जुळला तर तो बहुतेक दाबणारा आहे, मग त्याच्याकडे पुन्हा बघा.

संगणकावर मजकूर असेल तर `Ctrl+F` करून ‘च’ आणि पुढे एक मोकळी जागा असं शोधा. ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो, म्हणून तो असा पटकन सापडतो. ‘पाच’, ‘खर्च’, ‘उंच’ हेही मध्ये येतील, ते सोडून द्या. स्वल्पविरामाला किंवा पूर्णविरामाला लागून आलेला ‘च’ यातून निसटतो, तो डोळ्यांनी बघा. पानभर मजकुरात दाबणारे ‘च’ दोन-तीनपेक्षा जास्त निघाले, तर मी तो मजकूर थांबवतो आणि लिहिणाऱ्याला विचारतो की तुम्ही कोणावर चिडला आहात का. अनेकदा उत्तर ‘हो’ असतं.

आता तिसरं वाक्य, ‘नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तर उघडच आहे.’ या सूचनेत सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच आहे आणि तीच तुम्ही ‘उघड’ म्हणून बाजूला सारली. मुळात ती उघड नाही. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव घातलं की घर मुलीचं झालं, असं मनात धरून बसलेली माणसं मला दर वर्षी भेटतात, त्यांत चांगली शिकलेलीही असतात. नामनिर्देशन असलं की सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा हे ठरतं. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. 2019 साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात नॉमिनीला ‘तात्पुरता सदस्य’ म्हणून घेण्याची तरतूद आहे. कायद्याने ज्याची ‘तात्पुरता’ अशी वेगळी सोय केली ती गोष्ट आजींना उघड कशी असेल?

‘उघडच आहे’, ‘साहजिकच’, ‘अर्थातच’ हे शब्द बहुतेक वेळा गाळलेल्या कारणाच्या जागी येऊन बसतात. लिहिणाऱ्याला कारण इतकं पाठ असतं की ते लिहायचं राहून जातं आणि तिथे हा शब्द येतो. म्हणून असा शब्द दिसला की लगेच खोडू नका. आधी त्याला ‘का?’ विचारा आणि जे उत्तर येईल ते वाक्यात लिहा. नॉमिनी मालक नव्हे, का? कारण त्याच्याकडे सदनिका वारसांच्या वतीने राहते. हे कारण लिहिलं की ‘उघडच आहे’ची गरज आपोआप संपते. ज्याला माहीत होतं त्यालाही नेमकं कारण वाचायला मिळतं, त्यामुळे आपल्याला कोणी शिकवतंय असं त्याला वाटत नाही. मजकूर कोरडा होईल ही तुमची भीतीही इथेच जाते, कारण शब्द गेला त्या जागी माहिती येते.

चौथ्या वाक्यातल्या ‘अर्थातच’बद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. ‘अर्थात’ हा शब्द ‘च’शिवाय आला तर बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. ‘अर्थात, ज्यांनी आधीच अर्ज दिला आहे त्यांना हे लागू नाही’ यात तो नुसती मर्यादा सांगतो, मागे घेतो, कोणाला खिजवत नाही. तो ठेवा. तुमच्या वाक्यात तो ‘हेही सांगायला हवं का’ अशा सुरात आला आहे. मृत्युपत्राचा विषय घरातल्या माणसाच्या मरणाचा आहे, तिथे हा सूर फारच बोचतो.

पाचव्या वाक्यात ‘फक्त’ आहे. ‘अर्ज फक्त भरून द्यायचा आहे.’ ‘सोपं आहे’, ‘नुसतं’, ‘साधा’, ‘एवढंच करायचं’ हे सगळे याच घरातले. तुम्हाला धीर द्यायचा होता, पण ज्याला तो अर्ज अवघड गेला त्याला तुम्ही ‘इतकं सोपंही जमत नाही’ असं सांगून ठेवलंत. आता तो विचारायला येणारही नाही. सोपेपणा सांगण्यापेक्षा किती काम आहे ते सांगा. तीन प्रती, दोन साक्षीदारांच्या सह्या, कोरा अर्ज कुठे मिळेल, अडलं तर कोणाला आणि कधी विचारायचं. काम सोपं आहे की अवघड हे ज्याचं त्याला ठरवू द्या.

शेवटच्या वाक्यातला ‘साहजिकच’ मी समजू शकतो, पण ‘आपलीच’ मला जास्त टोचतो. आपल्या भाषेत ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, आणि ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’ही. सूचनेच्या सुरुवातीला ‘आपल्याला माहीत आहेच’ म्हणताना तुम्ही त्यांच्यात होतात, निदान तसं वाचता येतं. शेवटी ‘अडचण आपलीच राहील’ म्हणताना तुम्ही बाहेर जाऊन उभे राहिलात. तोच शब्द सहा वाक्यांत असा पलटला की वाचणाऱ्याला तो धक्का जाणवतो, मग त्याला नेमकं कशाचं वाईट वाटलं हे सांगता येवो न येवो. उशिराचा परिणाम सांगायचाच असेल तर अडचण काय ते सांगा आणि कोणाच्या माथी ते सोडून द्या.

हे सगळं धरून मी सूचना अशी लिहीन. तारखा आणि वेळा तुमच्या सोयीने बदला.

*“ज्या सभासदांचे नामनिर्देशनाचे अर्ज अद्याप कार्यालयात आलेले नाहीत, त्यांच्यासाठी ही सूचना आहे. आपला अर्ज आला आहे की नाही, याची खात्री कार्यालयातील नोंदवहीत करता येईल.*

*सभासदाच्या निधनानंतर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, हे नामनिर्देशनावरून ठरते. अर्ज नसल्यास वारसांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत सदनिकेची नोंद पुढे सरकत नाही आणि कुटुंबाला थांबावे लागते. मालकी मात्र नामनिर्देशनाने ठरत नाही, कारण नॉमिनीकडे सदनिका वारसांच्या वतीने राहते. सदनिका एखाद्या ठरावीक व्यक्तीलाच मिळावी अशी इच्छा असेल, तर त्यासाठी मृत्युपत्रही करावे.*

*अर्ज तीन प्रतींत द्यायचा असून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. कोरे अर्ज कार्यालयात मिळतील. अर्ज भरताना काही विचारायचे असल्यास सचिव दर शनिवारी सायंकाळी 5 ते 7 कार्यालयात भेटतील. 30 नोव्हेंबरपर्यंत आलेले अर्ज डिसेंबरच्या समिती बैठकीत नोंदीसाठी घेतले जातील.”*

पहिलं वाक्य बघा. ज्यांचा अर्ज दिलेला आहे ते तिथेच सुटले, त्यांना पुढे वाचायची सक्ती नाही. ‘माहीत आहेच’ हे काम करायला आलं होतं, म्हणजे माहीत असणाऱ्याला मोकळं करायला. ते काम ‘ज्या... त्यांच्यासाठी’ या रचनेने जास्त चांगलं होतं. ‘62 पैकी 23’ मी काढलं. आकडा खोटा नाही, पण बोर्डासमोर उभं राहून लोक त्या 23 जणांत कोण कोण असेल हे मोजायला लागतात. तो आकडा समितीच्या बैठकीत सांगा. आणि ‘व्यक्तीलाच’मधला ‘च’ ठेवला आहे, कारण तो निवडणारा ‘च’ आहे.

माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगायची वेळ येतेच, तेव्हा ती वाक्याच्या कडेला ठेवायला शिका. ‘आपल्याला माहीत आहेच की दर रविवारी टाकी धुतली जाते’ याच्या जागी ‘दर रविवारी टाकी धुतली जात असल्याने सकाळी 10 ते 12 पाणी बंद राहील’ असं लिहा. ‘असल्याने’, ‘म्हणून’, ‘जे... ते’ यांत जुनी माहिती गुपचूप येऊन बसते. माहीत असणारा तिच्यावरून सरकन पुढे जातो, नसणाऱ्याला ती मिळते आणि कोणाला काय माहीत आहे याची वाच्यता होत नाही. दुसरी रीत म्हणजे माहितीचा उगम सांगणं. ‘मागच्या सर्वसाधारण सभेत ठरल्याप्रमाणे’ यात भार सभेवर पडतो. जो सभेला नव्हता त्यालाही कळतं की आपल्याला का माहीत नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

हा नियम एके ठिकाणी उलटा चालतो, तेही सांगतो. समोरच्याला खरंच तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि तुम्ही काहीच न म्हणता सगळं समजावून सांगितलंत, तर तेच उद्धट दिसतं. त्या काकांना वेगळं पत्र लिहायचं असेल तर ‘आपल्याला माहीत आहेच’ असं मोघम न लिहिता कशावरून माहीत आहे ते लिहा. ‘काका, तुम्ही बँकेत नॉमिनींचे दावे हाताळले आहेत, त्यामुळे यातलं बरंचसं तुमच्या परिचयाचं असेल. सोसायटीच्या नियमात एवढाच फरक आहे की...’ इथे अंदाजाला कारण आहे, म्हणून तो मान वाटतो.

मऊ करण्यासाठी आणखी शब्द घालण्याच्या मोहात पडू नका. ‘कदाचित आपल्याला कल्पना नसेल’ हे ‘माहीत आहेच’पेक्षा बरं नाही, त्याने फक्त दुसऱ्या टोकाचा माणूस दुखावतो. ‘कृपया’नेही फार फरक पडत नाही. ‘कृपया सूचना नीट वाचावी’ यातलं ‘नीट’ ‘कृपया’ला खाऊन टाकतं.

ग्रुपवर हे आणखी जपा, कारण तिथे आपण बोलतो तसं लिहितो. कोणी विचारलं, “पाणी कधी येणार?” आणि तुम्ही लिहिलंत, “बोर्डावर लिहिलंय ना.” तोंडी हे ‘ना’ लाडाचं असू शकतं. लिहिल्यावर त्याचा अर्थ ‘दिसत नाही का’ असाच होतो. ‘सांगितलं होतं की’, ‘वर म्हटल्याप्रमाणे’, ‘परत एकदा सांगतो’ यांचंही तसंच. आधी उत्तर द्या, मग जागा सांगा: “साडेसहाला येईल. आठवड्याचं वेळापत्रक बोर्डावर लावलं आहे.” टाइप करायला पाच सेकंद जास्त जातील.

पाठवण्यापूर्वी एक चाचणी करा. प्रत्येक वाक्यानंतर मनात म्हणा, “इतकंही कळत नाही का?” हा प्रश्न त्या वाक्याला सहज चिकटला, त्यातूनच निघाल्यासारखा वाटला, तर ते वाक्य पुन्हा लिहा. ‘नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तर उघडच आहे. इतकंही कळत नाही का?’ चपखल बसतं. ‘मालकी मात्र नामनिर्देशनाने ठरत नाही, कारण नॉमिनीकडे सदनिका वारसांच्या वतीने राहते. इतकंही कळत नाही का?’ इथे तो प्रश्न उपरा वाटतो. शक्य असेल तर ही चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी करा, लिहिल्या लिहिल्या आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत राहतो.

एखाद्या वेळी तुम्हाला खरोखर तक्रार करायची असेल, तीनदा आठवण देऊनही लोक ऐकत नसतील, तर ती ‘साहजिकच’मध्ये लपवू नका. ‘जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये आठवण दिली होती, अजून 23 अर्ज यायचे आहेत, त्यामुळे समितीला नोंदवही पूर्ण करता येत नाही’ असं त्या सभासदांना स्वतंत्र पत्राने कळवा. सरळ सांगितलेली तक्रार लोक ऐकून घेतात. आडून मारलेला टोला वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

आता झालेल्या गोष्टीचं. ‘माझा हेतू कोणाला दुखवण्याचा नव्हता’ अशी नवी सूचना लावू नका, ज्यांना काही वाटलं नव्हतं तेही जुनी सूचना शोधून वाचतील. बोर्डावरचा कागद बदला, ग्रुपवर ‘सुधारित सूचना’ म्हणून नवा मजकूर टाका. काकांना जिन्यात भेटाल तेव्हा नवा मसुदा दाखवा आणि कायद्याच्या बाजूने काही राहिलं आहे का ते विचारा. आजींकडे मात्र मुद्दाम जा. अर्जाच्या तीन प्रती घेऊन जा, शेजारी बसा आणि त्यांना सांगा, “आजी, नॉमिनी आणि मालक यातला फरक मलाही सचिव झाल्यावरच कळला,” अर्थात तसं खरंच झालं असेल तर. मग त्यांना सदनिका कोणाला द्यायची आहे ते विचारा. मृत्युपत्राची गरज आहे का ते तिथेच कळेल.